रात्रीपुरता ग्रंथ

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलामागे ज्याने नोकरीची बहुतेक वर्षे काढली, त्याला विद्यार्थ्यांची ओळख चेहऱ्यापेक्षा तिकिटाच्या क्रमांकावरून अधिक असते. आणि कोण काय वाचतो, किती दिवस ठेवतो, दंड भरताना कुरकुरतो की निमूटपणे आणे मोजून देतो, एवढ्या गोष्टी त्याच्या नजरेखालून इतक्या वेळा गेलेल्या असतात, की एखाद्याच्या स्वभावाविषयीचे त्याचे अनुमान वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या अनुमानापेक्षा पुष्कळदा अधिक खरे ठरते. मात्र ह्या ज्ञानाचा त्याने कोठे उच्चार करावयाचा नसतो. कोणी कोणता ग्रंथ नेला हे वाचक आणि ग्रंथालय ह्यांच्यामधील विश्वासाचे प्रकरण आहे, हे मला नोकरीवर रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या वृद्ध ग्रंथपालांनी बजावले होते. त्या दोघांविषयी आज मी लिहितो आहे ते ह्याच कारणास्तव नावे, गाव आणि महाविद्यालय वगळून. दक्षिण महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, शिवाजी विद्यापीठ स्थापन होण्याच्या पूर्वी, आम्ही पुणे विद्यापीठाशी संलग्न होतो त्या काळातली, १९५५-५६ च्या शैक्षणिक वर्षातली ही हकीकत आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

ती समजण्यासाठी आमच्या देवघेवीची पद्धत थोडी समजून घेतली पाहिजे. नेहमीच्या पुस्तकांसाठी आमच्याकडे नीना ब्राउन ह्या अमेरिकन ग्रंथपाल बाईंच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत होती. अनामत रक्कम भरली की प्रत्येक विद्यार्थ्यास दोन तिकिटे मिळत. तिकीट म्हणजे त्याचे नाव व क्रमांक घातलेला जाड कागदाचा लहानसा खिसा. प्रत्येक पुस्तकातही एक कार्ड असे. पुस्तक देताना ते कार्ड काढून विद्यार्थ्याच्या तिकिटात सरकवायचे, पुस्तकाच्या तारखेच्या चिठ्ठीवर परतीची तारीख उमटवायची, आणि ती जोडी त्या तारखेमागे ट्रेमध्ये उभी करायची. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात आणि तिकीट विद्यार्थ्याच्या हातात, इतका हा व्यवहार सुटसुटीत होता. ह्या पद्धतीचा गुण असा की दहा वाजताच्या गर्दीतही हात थांबत नाही, आणि तिची मर्यादा अशी की जोडी एकदा विलग झाली म्हणजे ते पुस्तक पूर्वी कोणाकोणाच्या घरी जाऊन आले ह्याचा कसलाही पुरावा दप्तरी उरत नाही.

परंतु ज्या ग्रंथांची एकच प्रत होती आणि मागणी मोठी होती, ते दिवसा वाचनकक्षात बसूनच वाचावयाचे आणि सायंकाळी साडेपाचनंतर केवळ रात्रीपुरते घरी न्यावयाचे, असा नियम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आत ग्रंथ परत आला नाही, तर दर तासाला एक आणा दंड पडे. ह्या देवघेवीसाठी मात्र स्वतंत्र वही असे, आणि तिच्यात तारीख, ग्रंथाचा दाखल क्रमांक, तिकिटाचा क्रमांक, नेणाऱ्याची सही, परतीची वेळ आणि शेरा असे रकाने आखलेले असत. ज्याला ग्रंथ हवा असेल त्याने दुपारी तीनपर्यंत मागणीची चिठ्ठी टाकावयाची. एकाच ग्रंथासाठी दोन चिठ्ठ्या आल्या, तर ज्याने काल नेला त्याला आज न देता दुसऱ्यास द्यावयाचा. ट्रेमधल्या जोड्या विसरून जात. ही वही मात्र काही विसरत नसे.

रियासतकार सरदेसाई ह्यांचा मराठ्यांचा इंग्रजी इतिहास १९४६ ते १९४८ ह्या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला होता, आणि आमच्याकडे त्याची एकेकच प्रत होती. त्यातला दुसरा खंड, ज्यात शाहूच्या सुटकेपासून पानिपत आणि थोरल्या माधवरावांपर्यंतचा विस्तीर्ण कालखंड येतो, तो इतिहास हा विशेष विषय घेऊन सीनियर बी. ए. ला बसलेल्या विद्यार्थ्यांना अपरिहार्य होता. त्या वर्षी हा विषय घेतलेले विद्यार्थी फार नव्हते, आणि त्यांतले बहुतेक प्राध्यापकांच्या टिपणांवर भागवणारे होते; त्यामुळे जूनचा पाऊस स्थिरावतो न स्थिरावतो तोच त्या खंडासाठी रोज दोनच चिठ्ठ्या येऊ लागल्या. एक चिठ्ठी तालुक्याच्या गावाहून येऊन विद्यार्थी वसतिगृहात राहिलेल्या एका मुलाची, आणि दुसरी गावातल्याच एका वकिलांच्या मुलीची. नियमाप्रमाणे सोमवार, बुधवार व शुक्रवार हे वार तिच्याकडे आणि मंगळवार, गुरुवार व शनिवार हे त्याच्याकडे गेले, आणि वहीत त्या दोन सह्या एकीखाली एक अशा उमटू लागल्या.

आजच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर नवल वाटेल, परंतु त्या काळी एकाच वर्गातले मुलगे व मुली चार-चार वर्षे एकमेकांशी अवाक्षर न बोलता पदवीधर होत. आमच्या वाचनकक्षात खिडकीखालचे लांब मेज स्त्रियांसाठी राखून ठेवलेले होते, आणि मुलींनी तास संपला की तेथे येऊन बसावे व तास सुरू झाला की तेथूनच प्राध्यापकांच्या मागोमाग वर्गात जावे, असा रिवाज होता. ती दोघे त्या कक्षातली रोजची माणसे. परंतु ती खिडकीखाली आणि तो दाराजवळच्या मेजावर, आणि मध्ये शब्दकोशांचे व ज्ञानकोशाच्या खंडांचे कपाट. ग्रंथ परत करण्याची वेळ सकाळची आणि नेण्याची सायंकाळची असल्यामुळे ज्या दिवशी ज्याचा वार नसे त्यानेही दोन्ही वेळा टेबलाजवळ असण्याचे वास्तविक काहीच कारण नव्हते. तरीही दोघे दोन्ही वेळा हजर असत, ह्याची नोंद घेण्यासाठी वहीत रकाना नसल्यामुळे ती मी केवळ मनात घेतली.

पहिली खूण मला शनिवारने दिली. शनिवारी नेलेला ग्रंथ सोमवारी सकाळी परत येत असल्याने शनिवारचा वार म्हणजे दोन रात्री आणि मध्ये एक अख्खा रविवार. आणि सहा दिवसांचा आठवडा असल्यामुळे हा लाभ दर खेपेस त्या मुलाच्याच वाट्याला येई. जुलैच्या अखेरीस एका शनिवारी त्याची चिठ्ठी आली नाही. मुलीची नेहमीप्रमाणे आली होती. ग्रंथ तिला गेला. तो आजारी असेल म्हणावे तर साडेपाचच्या सुमारास स्वारी दाराजवळच्या मेजावर बसून कसलेसे टिपण काढीत होती. पुढच्या शनिवारी त्या मुलीची चिठ्ठी आली नाही, आणि ग्रंथ त्याला गेला. त्या दिवसापासून एका आठवड्याचा शनिवार त्याचा व दुसऱ्या आठवड्याचा तिचा असा क्रम ठरून गेला; तो कोणी ठरवला, केव्हा ठरवला, हे विचाराल तर ह्या बाबतीत त्यांच्यात एक शब्दही झाला नव्हता, असे मी शपथेवर सांगू शकतो. एकाने सोडले, दुसऱ्याने ते ध्यानात घेऊन परत केले, एवढाच तो करार.

रात्रीपुरते दिलेले ग्रंथ परत घेताना पान न् पान तपासून घेण्याची माझी शिस्त होती, कारण परीक्षेच्या दिवसांत हवी ती पाने ब्लेडने कापून घेणारे महाभाग प्रत्येक महाविद्यालयात असतात, आणि त्याच वेळी ध्यानात आले नाही तर पुढे कोणावर आरोप ठेवता येत नाही. भाद्रपदात एका सकाळी तिने परत केलेला खंड तपासत असता मधल्या एका पानाची बाहेरची कड दोन-अडीच इंच आत फाटत गेलेली दिसली. आणि त्या ठिकाणी कागदाचा एक कपटा ठेवलेला होता, ज्यावर सुवाच्य अक्षरात, ‘हे पान फाटले आहे, जपून उलटावे,’ एवढेच लिहिलेले होते. ती सूचना माझ्यासाठी असती तर तिने तोंडाने सांगितली असती. मी पान दुरुस्तीसाठी बाजूला काढणार, इतक्यात तो मुलगा टेबलापाशी येऊन म्हणाला,

“अण्णा, ते पान मी चिकटवून दिले तर चालेल का?”

पान फाटल्याचे ह्याला कसे कळले, हे मी विचारले नाही. मी त्याला खळीची वाटी व पातळ पारदर्शक कागद दिला. आमची खळ मैद्याची असे, आणि तिला कीड लागू नये म्हणून शिजवतानाच तीत चिमूटभर मोरचूद टाकण्याची चाल होती. फाटलेल्या कडांचे तंतू एकमेकांवर नीट बसवावे, खळ बोटाने न लावता कुंचल्याच्या टोकाने अगदी विरळ लावावी, वरून कागदाची पट्टी ठेवून ती आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे दाबत न्यावी, आणि मग दोन्ही बाजूंस कोरा कागद घालून वजनाखाली ठेवावे, असे मी एकदा सांगितले. त्याने ते जिल्दसाजाच्या हाताने केले. खळ जास्त झाली तर वाळताना पान आक्रसते आणि शेजारच्या पानाला चिकटते. ह्या पानावर एक सुरकुतीही नव्हती. सायंकाळपर्यंत तो खंड ज्ञानकोशाच्या दोन जाड खंडांखाली दडपून राहिला आणि मग त्याच्या वारानुसार त्याच्या खोलीवर गेला. दुसऱ्या दिवशी खंड वाचनकक्षात न्यावयास ती आली, तिने ते पान उघडून त्या पट्टीवरून एकवार बोट फिरवले, आणि नंतर खिडकीखाली जाऊन भलतेच पान उघडून वाचत बसली.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर काही दिवस ती मुलगी आली नाही. हिवतापाने अंथरूण धरले असल्याचे तिच्या मैत्रिणींच्या बोलण्यातून कळले. तिच्या चिठ्ठ्या बंद झाल्या म्हणजे नियमाप्रमाणे तो खंड रोजच्या रोज त्या मुलाला मिळावयास हरकत नव्हती; किंबहुना परीक्षा जवळ येत असताना अशी संधी कोणताही विद्यार्थी सोडणार नाही. परंतु त्याने चिठ्ठी टाकली ती केवळ आपल्या वाराला. तिच्या वाराच्या रात्री तो ग्रंथ माझ्या कपाटात कुलपात राहिला. मी एका सायंकाळी सहज म्हटले, “आज कोणाची मागणी नाही, न्यावयाचा असेल तर न्या.” त्यावर तो म्हणाला, “नको अण्णा, आज माझा वार नाही,” आणि हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितले, की जणू नियम मी मोडत होतो व तो सांभाळत होता.

एवढ्या मागणीचा ग्रंथ एकाच प्रतीवर चालवणे मला प्रशस्त वाटेना. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे डॉ. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली सूत्ररूपाने सांगितलेले तत्त्व आमचे ग्रंथपाल उठता-बसता ऐकवीत. रात्रीच्या वहीतील उतारा काढून, दुसऱ्या खंडाची आणखी एक प्रत घ्यावी, असा प्रस्ताव मी त्यांच्यामार्फत प्राचार्यांकडे पाठवला, आणि आमच्या महाविद्यालयाच्या इतिहासात क्वचितच घडणारी गोष्ट अशी घडली की तो मंजूर झाला. नाताळच्या सुट्टीनंतर नवी प्रत आली. दाखल नोंदवहीत तिला क्रमांक पडला, शिक्का बसला, पाठीवर ९५४ हा वर्गांक चढला. त्या दिवशी दोघांच्याही चिठ्ठ्या होत्या. मी दोघांना एकाच वेळी टेबलाजवळ बोलावून, दोन प्रती पुढे ठेवून, मोठ्या समाधानाने म्हटले, “आजपासून वारांची कटकट संपली. रोज नेत जा.”

इतक्या उतरलेल्या चेहऱ्यांनी कोणी ग्रंथ स्वीकारल्याचे मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. नवी प्रत तिच्याकडे व जुनी त्याच्याकडे गेली. दुसऱ्या सकाळी नवी प्रत परत आली ती जशी गेली तशी. ग्रंथ वाचला गेला आहे की नाही हे ओळखणे टेबलावरच्या माणसाला अवघड नसते. नवी बांधणी वाचल्याने जेथे उघडली गेली असेल तेथे किंचित सैलावते, आणि न वाचलेला ग्रंथ मेजावर ठेवला तर त्याची पाने घट्ट मिटून राहतात. त्या दिवशी दुपारी ज्या दोन चिठ्ठ्या आल्या त्यांवर एरवी कोणी विद्यार्थी लिहीत नाही ती गोष्ट दोघांनीही लिहिली होती, ती म्हणजे जुन्या प्रतीचा दाखल क्रमांक. नवी प्रत कपाटात राहिली, आणि वार पूर्ववत सुरू झाले. तेव्हा मला खात्री पटली, आणि खात्री पटल्यावर मी माझ्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे गप्प राहिलो.

फेब्रुवारीच्या अखेरीस सीनियर विद्यार्थ्यांचा निरोप समारंभ असे. दुपारी चार वाजता सभागृहात भाषणे, अल्पोपाहार आणि छायाचित्र. आणि सकाळी सर्व खात्यांतून बेबाकी दाखल्यावर सह्या मिळवण्याची धावपळ, कारण त्या सह्यांवाचून अनामत रक्कम परत मिळत नसे. ग्रंथालयाची सही देण्यापूर्वी दोन्ही तिकिटे जमा करून घ्यावयाची, ट्रेमध्ये व रात्रीच्या वहीत काही बाकी नाही हे पाहावयाचे, दंड असल्यास वसूल करावयाचा, आणि मग दाखल्यावर तारीख व सही. एकदा सही झाली की त्या विद्यार्थ्याचा ग्रंथालयाशी संबंध संपला.

तो मुलगा दहाच्या सुमारास आला. त्याची बाकी काहीच नव्हती. तिकिटे घेतली, सही केली, दाखला त्याच्या हाती दिला. पण तो जागचा हलला नाही, केवळ रांगेतून थोडा बाजूस झाला. सव्वादहाला ती मुलगी आदल्या रात्री नेलेला खंड परत करावयास आली. मी पाने तपासू लागलो तेवढ्यात तो पुढे येऊन म्हणाला,

“अण्णा, आज हा खंड रात्रीपुरता माझ्या नावे टाका.”

“तुमची तिकिटे जमा झाली, दाखल्यावर सही झाली. आता नियमाने देता येत नाही.”

“माझी तिकिटे अजून माझ्यापाशी आहेत,” ती मुलगी माझ्याकडे पाहत म्हणाली, “माझ्या नावावर घाला आणि ह्यांना द्या.”

“ताई, एकाच्या तिकिटावर दुसऱ्याला ग्रंथ देता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.”

हे खरे तर संभाषण तेथेच संपावयाचे. पण तिने मान वळवली आणि त्या वर्षात प्रथमच सरळ त्याच्याकडे पाहून विचारले,

“तुमचे कोणते प्रकरण वाचायचे राहिले आहे?”

तो काही क्षण बोलला नाही. रांगेतली मुले आपापले दाखले चाळीत होती.

“कोणतेच नाही,” तो म्हणाला. “दिवाळीपूर्वीच माझा तो खंड वाचून झाला होता.”

“मग एवढे दिवस नेत कशाला होता?”

“तुम्ही नेत होता म्हणून. मी मागणी बंद केली असती, तर वार राहिले नसते.”

ती हसली नाही, लाजलीही नाही. तिने आपली दोन्ही तिकिटे काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “माझा नाताळात झाला. टिपणेसुद्धा दोनदा काढून झाली.” मग, माझ्या हातातल्या शिक्क्याकडे पाहत, परंतु त्याला ऐकू जाईल अशा बेताने, तिने एवढेच विचारले, “परीक्षेनंतर तुम्ही गावी जाणार ना?”

“जाणार. पण त्याआधी तुमच्या घरी येऊन तुमच्या वडिलांना भेटावे, असे मनात आहे. तुमची हरकत नसेल तर.”

“हरकत असती तर मी शनिवार परत केला नसता,” ती म्हणाली. “आधी मी आईला सांगते. परीक्षा संपली की त्या रविवारी सकाळी या. दुपारी बाबांकडे पक्षकार येतात.”

रांगेतला एक मुलगा ह्या वेळी, “अण्णा, माझी सही,” असे काकुळतीने म्हणाला, आणि मला पुन्हा कामाकडे वळावे लागले. तिच्या दाखल्यावर मी सही केली, खंडाच्या परतीची वेळ वहीत लिहिली, आणि शेऱ्याचा रकाना नेहमीप्रमाणे कोरा सोडला. दोघे निघाली ती वेगवेगळ्या दारांनी. समारंभाच्या छायाचित्रातही मुली खुर्च्यांवर बसलेल्या आणि मुले मागे उभी आहेत, आणि त्या दोघांत किमान सहा माणसांचे अंतर आहे.

वकीलसाहेबांनी एकदम होकार दिला नाही. मुलगा नोकरीस लागेपर्यंत थांबावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो गैरवाजवी नव्हता. पुढे त्याला एका माध्यमिक शाळेत इतिहासाच्या शिक्षकाची जागा मिळाली, आणि यथावकाश लग्नाची पत्रिका माझ्या घरच्या पत्त्यावर न येता ग्रंथालयाच्या टपालातून आली. ती आवक नोंदवहीत चढवावी किंवा कसे, ह्याविषयी आमच्या शिपायाने मला गांभीर्याने विचारले होते.

मार्चमध्ये वार्षिक अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे असे, आणि त्यात रात्रीपुरत्या देवघेवीत सर्वाधिक मागणी कोणत्या ग्रंथास होती, हे नमूद करावे लागे. वहीप्रमाणे तो मान निर्विवादपणे सरदेसायांच्या दुसऱ्या खंडाचा होता, आणि मी तसे नमूद केले. ग्रंथालय समितीच्या सभेत अहवाल वाचून झाल्यावर इतिहासाच्या प्राध्यापकांनी उठून, आपल्या विद्यार्थ्यांत मूळ ग्रंथ वाचण्याची अभिरुची ह्या वर्षी स्पष्टपणे वाढलेली दिसते ह्याबद्दल समाधान व्यक्त केले, व पुढील वर्षी पहिल्या व तिसऱ्या खंडांच्याही जादा प्रती घ्याव्यात, अशी सूचना मांडली. सूचना एकमताने संमत झाली, आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम माझेच असल्यामुळे ती मी शब्दशः लिहून घेतली.